दाखला रखडलाय? तहसील कार्यालयात फोन लावण्याआधी आणि लावल्यावर

“साहेब, माझा दाखला झाला का?”

तहसील कार्यालयात दाखल्यांच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. सांगली जिल्ह्यातच. तिथल्या फोनवर सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य हेच. या प्रश्नाला उत्तरं दोनच मिळतात, “नाही अजून” किंवा “बघतो”. दोन्ही खरी असतात आणि दोन्हीतून फोन करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मग तो चार दिवसांनी पुन्हा हेच विचारतो, पाचव्या वेळी त्याचा आवाज चढतो आणि टेबलावरचा माणूसही तुटक बोलायला लागतो. अर्ज असतो तिथंच असतो.

म्हणून फोनवर नेमकं काय बोलायचं ते इथं शब्दाशब्दानं लिहून देतो. उदाहरणाला उत्पन्नाचा दाखला घेतलाय, कारण जून-जुलैत प्रवेश आणि शिष्यवृत्तीसाठी सगळ्यात जास्त धावपळ त्याचीच असते. अधिवास म्हणजे डोमिसाइलच्या दाखल्यालाही हीच पद्धत चालते. जातीचा दाखला आणि नॉन क्रिमिलेअर प्रांत कार्यालयातून मिळतात, त्यामुळं त्यांच्यासाठी फोन तिकडं लावायचा. बोलणं मात्र हेच.

## १. फोनला हात लावण्याआधी: पावती आणि अर्जाची स्थिती

अर्ज केल्यावर ‘आपले सरकार’ सेवा केंद्रातून मिळालेली पावती शोधा. बहुतेक घरांत ती रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली असते आणि नेमकी घडीवरच अर्ज क्रमांकाची शाई उडालेली असते. ती उलगडून या गोष्टी एका कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून घ्या:

- अर्ज क्रमांक, चार-चार अंकांचे गट पाडून
- अर्ज कोणाच्या नावानं आहे ते पूर्ण नाव (शिष्यवृत्ती मुलीची असली तरी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज बहुधा वडिलांच्या नावानं असतो)
- गाव आणि तालुका
- अर्जाची तारीख आणि पावतीवरची मुदतीची तारीख
- दाखला एक वर्षाच्या उत्पन्नाचा मागितलाय की तीन वर्षांच्या

गट पाडायला सांगतो त्याला कारण आहे. पलीकडचा माणूस रिसीव्हर खांद्यानं कानाशी धरून दोन्ही हातांनी टाइप करत असतो. तुम्ही अख्खा आकडा एका दमात सांगितला की मधला एखादा अंक सुटतो आणि संगणक “असा अर्ज नाही” म्हणतो. मग घोळ. “अर्जच नाही” असं ऐकून तालुक्याच्या गावी धावत आलेली माणसं मी पाहिलीत.

आता मोबाइलवर अर्जाची स्थिती बघा. ‘आपले सरकार’चं संकेतस्थळ असं:

```
https://aaplesarkar.mahaonline.gov.in
```

तिथं `Track Your Application` मध्ये विभाग महसूल आणि सेवा उत्पन्न प्रमाणपत्र निवडून अर्ज क्रमांक टाका. जे दिसेल त्याचा स्क्रीनशॉट काढा.

रखडलेल्या अर्जांपैकी कित्येक तहसीलमध्ये नसतातच. काही अर्ज केंद्रचालकानं भरून ठेवलेले असतात, पण पैसे भरायचे राहिल्यामुळं ते पुढं गेलेले नसतात. काही अर्ज तहसीलनं त्रुटी काढून केंद्राकडं परत पाठवलेले असतात आणि केंद्रचालकानं ते बघितलेलं नसतं. या दोन्ही वेळी तहसीलला फोन करून उपयोग नाही, आधी केंद्रात जायचं. तिथं जाऊन एवढंच म्हणा:

> “दादा, हा अर्ज क्रमांक. तुमच्या लॉगिनला हा परत आलाय का तेवढं उघडून बघा. परत आला असेल तर शेरा काय लिहिलाय तो मला वाचून दाखवा.”

इशारा: “पाठवलाय, येईल” या उत्तरावर तिथून उठू नका. स्क्रीन स्वतः बघा.

## २. मुदत उलटलीय का ते मोजा

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालापासून लागू आहे. त्याखाली प्रत्येक दाखल्याला मुदत ठरवून दिलीय. उत्पन्नाच्या आणि अधिवासाच्या दाखल्याला ती १५ दिवसांची आहे. इतर दाखल्यांची मुदत पावतीवर आणि कार्यालयातल्या फलकावर असते.

दिवस मोजण्यावरून फोनवर हमखास वाद होतो. मी दोन तऱ्हांनी मोजायला सांगतो. फोनवर बोलताना शनिवार, रविवार आणि सुट्ट्या वगळून मोजा, म्हणजे समोरच्याला “अजून मुदत आहे” म्हणायला जागा राहत नाही. पुढं अपील करायची वेळ आली तर मात्र सुट्ट्या धरून, सलग मोजा, म्हणजे अपिलाची तारीख हातची जात नाही.

दुसरी गोष्ट फार लोकांना माहीत नसते. मुदत परिपूर्ण अर्जाला लागते. तलाठ्याचा अहवाल जोडला नसेल किंवा कागद वाचताच येत नसेल, तर “पंधरा दिवस झाले” या म्हणण्याला जोर राहत नाही. म्हणून आधी त्रुटी आहे का ते विचारायचं, दिवसांचा मुद्दा त्यानंतर काढायचा.

मुदत संपायच्या आत कधीच फोन करू नये असं नाही. प्रवेशाची शेवटची तारीख जवळ आली असेल तर जरूर करा, पण तेव्हा ती विनंती असते आणि तशीच बोलावी.

## ३. फोन कुठं आणि कधी

जिल्ह्याच्या संकेतस्थळांवर तहसील कार्यालयांचे क्रमांक असतात: साताऱ्यासाठी `satara.gov.in`, सांगलीसाठी `sangli.nic.in`. हे क्रमांक लँडलाइनचे असतात, तेव्हा मोबाइलवरून लावताना आधी एसटीडी कोड घालावा लागतो. साताऱ्याचा ०२१६२, कराडचा ०२१६४, सांगली-मिरजेचा ०२३३, तासगावचा ०२३४६, विट्याचा ०२३४७. “फोन लागतच नाही” म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी कोडच घातलेला नसतो.

राज्य सरकारच्या कार्यालयांना फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे आणि वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. दार उघडल्या उघडल्या फोन करू नका. तेव्हा टपाल, हजेरी आणि समोर उभी असलेली माणसं यांतच सगळे गुंतलेले असतात. साडेदहा ते साडेबारा ही वेळ चांगली, नाहीतर दुपारी तीन ते साडेचार. एक ते दोनमध्ये जेवणाची सुट्टी असते.

वार निवडताना सोमवार टाळा. महिन्यातला पहिला सोमवार जिल्ह्याच्या लोकशाही दिनाचा आणि तिसरा तालुक्याच्या. त्या दिवशी टेबलावर माणूस सापडला तरी त्याचं डोकं फायलीत असतं. मंगळवार ते गुरुवार उत्तम.

फोन बहुधा आवक-जावक टेबलावर किंवा शिपायाकडं उचलला जातो. त्यांना अर्जाची सगळी कहाणी सांगू नका. एवढंच बोला:

> “नमस्कार. उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जाची चौकशी करायची होती. दाखल्यांचं काम बघणाऱ्या टेबलला फोन देता का?”

“ते जागेवर नाहीत” असं उत्तर आलं तर:

> “बरं. ते किती वाजता जागेवर असतील? आणि कोणाला विचारू, त्यांचं नाव सांगाल का?”

दिलेल्या वेळेनंतर दहा मिनिटांनी पुन्हा लावा. त्याआधी नको.

तपासा: कागद समोर आहे, पेन चालतंय, मोबाइल चार्ज आहे आणि आजूबाजूला टीव्ही किंवा मिक्सर चालू नाही. फोन स्पीकरवर टाकू नका, लँडलाइनवर आवाज घुमतो आणि अंक चुकतात.

## ४. पहिलं अर्धं मिनिट

या अर्ध्या मिनिटात समोरच्याला तीन गोष्टी कळायला हव्यात: तुम्ही कोण, काम काय आणि तुमच्याकडं क्रमांक तयार आहे. पुरुष असेल तर ‘साहेब’ किंवा ‘भाऊसाहेब’, बाई असतील तर ‘मॅडम’. आपल्याकडं दोन्ही चालतं. ‘काका’, ‘ताई’ कार्यालयात नको.

> “नमस्कार मॅडम. मी अमुक गावाहून अमुक बोलतेय. माझ्या वडिलांच्या नावानं उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज केलाय, त्याची स्थिती विचारायची होती. अर्ज क्रमांक माझ्याजवळ आहे. सांगू का?”

आणि इथं थांबा. “सांगा” असं ऐकू येईपर्यंत एकही अंक उच्चारू नका. तेवढ्यात त्या योग्य पडदा उघडून घेतात.

मग गट करून, प्रत्येक गटानंतर श्वासभर थांबून क्रमांक सांगा. दोन शून्यं लागोपाठ आली तर “डबल झिरो” म्हणू नका, “शून्य, शून्य” असं सुटं म्हणा. शेवटी: “एकदा वाचून दाखवता का, मॅडम?”

या टप्प्यावर होणारी मोठी चूक म्हणजे गाऱ्हाण्यानं सुरुवात करणं. “तीन हेलपाटे झाले, मजुरी बुडाली, मुलीचं नुकसान होतंय.” हे सगळं खरं असतं, मला ते कळतं. पण ते ऐकताना टेबलावरचा माणूस स्वतःच्या बचावाच्या तयारीला लागतो आणि अर्ज उघडायचा राहून जातो. अर्ज उघडल्यानंतर हेच सांगितलं की त्याचा उपयोग होतो. कुठं सांगायचं ते पुढं येईल.

## ५. “झाला का?” ऐवजी हे तीन प्रश्न

अर्ज पडद्यावर आला की प्रश्न याच क्रमानं विचारा. एक विचारायचा, उत्तर लिहून घ्यायचं, मग दुसरा.

> “मॅडम, अर्ज सध्या कोणाच्या लॉगिनला आहे?”

> “तिथं तो किती तारखेपासून आहे?”

> “माझ्याकडून काही कागद किंवा दुरुस्ती बाकी आहे का? शेरा काही लिहिलाय का?”

हा ‘लॉगिन’ शब्द लक्षात ठेवा. ऑनलाइन अर्ज आला की तो आधी तपासणाऱ्या कर्मचाऱ्याच्या लॉगिनला पडतो. तिथून नायब तहसीलदारांच्या आणि शेवटी तहसीलदारांच्या डिजिटल सहीला जातो. मधले टप्पे कार्यालयागणिक थोडे बदलतात. ‘काम चालू आहे’ या उत्तरात हे सगळे टप्पे झाकले जातात. लॉगिन विचारलं की अर्जाला जागा मिळते, तारीख विचारली की त्याला वय मिळतं. आणि खरं सांगायचं तर, आतल्या कामाचा शब्द वापरून शांतपणे विचारणाऱ्या माणसाला आम्ही अंदाजानं उत्तर देत नव्हतो, पडद्यावर बघूनच द्यायचो.

उत्तर मिळालं की तेच तुमच्या तोंडून परत म्हणा:

> “म्हणजे तपासणी झालीय, दहा तारखेपासून नायब तहसीलदार साहेबांच्या लॉगिनला आहे आणि माझ्याकडून काही बाकी नाही. बरोबर ना?”

या “बरोबर ना”वर समोरचा माणूस एकदा पुन्हा पडद्याकडं बघतो. बऱ्याचदा नजरेतून सुटलेला शेरा तेव्हाच सापडतो.

## ६. ठरावीक उत्तरं आणि त्यांना काय म्हणायचं

“सर्व्हर डाऊन आहे.” हे कारण पुष्कळदा खरं असतं. वाद घालू नका.

> “ठीक आहे साहेब. मी दुपारी साडेतीनला पुन्हा लावते. तोवर माझा अर्ज क्रमांक लिहून ठेवाल का?”

क्रमांक लिहून ठेवला की दुपारी तो आपोआप आधी बघितला जातो.

“साहेब मीटिंगला गेलेत, सही राहिलीय.”

> “बरं. म्हणजे तपासणी पूर्ण आहे, फक्त सही बाकी आहे. साहेब साधारण कोणत्या दिवशी सह्या करायला बसतील? मी त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन करते.”

“तुमच्या केंद्रात विचारा.” यावर लोक दोन तऱ्हांनी चुकतात. कोणी लगेच फोन ठेवतो, कोणी भांडतो. म्हणायचं हे:

> “केंद्रात जाऊन आलेय साहेब. त्यांच्या लॉगिनला परत आलेला नाही असं त्यांनी दाखवलं, माझ्याकडं आजचा स्क्रीनशॉट आहे. त्यामुळं तुमच्याकडं तो कुठं आहे तेवढंच बघायचं होतं.”

पहिल्या टप्प्यात केंद्रात जाऊन स्क्रीन बघायला सांगितली ती यासाठी.

“तलाठ्याचा अहवाल नाही.” तलाठ्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण बोलताना अजून तलाठी भाऊसाहेबच म्हणतात.

> “अहवाल जोडलेलाच नाही, की जोडलाय पण वाचता येत नाही, की तारीख जुनी आहे? नेमकं काय ते सांगा, म्हणजे तलाठी भाऊसाहेबांकडून तसाच आणते.”

तिन्हींचा उपाय वेगवेगळा. वाचता येत नसेल तर नुसतं नीट स्कॅन करून भागतं, त्यासाठी सज्जावर खेटा घालायची गरज नाही.

“होऊन जाईल, काळजी करू नका.” हे उत्तर गोड असतं, म्हणून लोक आभार मानून ठेवून देतात. आभार माना, पण पुढं विचारा: “अंदाजे कोणत्या तारखेपर्यंत धरू?”

तुमची अडचण सांगायची जागा आता आली. एकाच वाक्यात, तारखेसकट सांगा:

> “मॅडम, मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर ५ जुलैपर्यंत भरायचाय, दाखल्याशिवाय तो पुढं जात नाही. तेवढं लक्षात घ्याल का?”

तारीख ऐकली की अर्ज वर काढता येतो. नुसत्या “खूप अर्जंट आहे”वर येत नाही, कारण तिथं येणारा प्रत्येकजण तेच म्हणत असतो.

इशारा: फोनवर पूर्ण आधार क्रमांक, ओटीपी किंवा बँकेची माहिती कोणालाही सांगू नका. अर्जाची स्थिती बघायला अर्ज क्रमांक पुरतो. “काम करून देतो” म्हणून कोणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे.

## ७. फोन ठेवण्याआधी

संभाषण “बरं, ठेवते” वर संपलं तर सगळं वाऱ्यावर जातं. शेवटची तीन वाक्यं अशी:

> “मॅडम, मी लिहून घेतलंय: अर्ज नायब तहसीलदार साहेबांच्या लॉगिनला, शुक्रवारपर्यंत पुढं जाईल. मी मंगळवारी अकरा वाजता पुन्हा फोन करते. आपलं नाव सांगाल का, म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला नको.”

नाव असं मागितलं की बहुतेक जण सांगतात. “तुमचं नाव काय? तक्रार करायचीय” अशा सुरात मागितलं की कोणी सांगत नाही. नाव नाहीच सांगितलं तर ताणू नका. वेळ आणि टेबल लिहून ठेवा, तेवढं पुरतं.

फोन ठेवल्या ठेवल्या वहीत एक ओळ लिहा: तारीख, वेळ, कोण बोललं, अर्ज कोणाच्या लॉगिनला, पुढची तारीख. संध्याकाळी लिहीन म्हटलं की तारखा सरमिसळ होतात.

## ८. एक अर्ज, चार फोन

आमच्या गल्लीतल्या एका मुलीच्या वडिलांचा अर्ज ३ जूनला, मंगळवारी गेला होता. पावती माझ्यासमोर होती. सलग मोजलं तर १५ दिवस १८ जूनला भरत होते. शनिवार-रविवार सोडून २४ जूनला. तिनं पहिला फोन बुधवारी, २५ जूनला केला. त्याआधी केंद्रात जाऊन आली होती, पण केंद्रचालकानं “पाठवलाय” म्हणून तोंडीच सांगितलं होतं. स्क्रीन बघितली नव्हती.

फोनवर तिनं लॉगिन विचारलं. टेबलावरचे साहेब म्हणाले, “आमच्याकडं नाही, १२ तारखेलाच केंद्राला परत पाठवलाय.” इथं तिचा आवाज चढायला लागला होता. मी समोरच बसलो होतो, कागदावर लिहून पुढं सरकवलं: शेरा विचार. तिनं विचारलं. शेरा होता, तलाठी अहवालाची प्रत अस्पष्ट. तिनं तेच परत म्हणून खात्री केली: “म्हणजे अहवाल बरोबर आहे, फक्त स्कॅन नीट हवं. बाकी कशाची त्रुटी नाही ना?” बाकी काही नव्हतं.

हा शेवटचा प्रश्न विचारायला लोक विसरतात. एक त्रुटी दुरुस्त करून पाठवली की दुसरी निघते आणि आणखी दहा दिवस जातात.

त्याच दुपारी केंद्रात जाऊन अहवाल पुन्हा स्कॅन केला. यावेळी प्रत अपलोड करण्याआधी तिनं ती मोबाइलवर मोठी करून बघितली, तलाठ्याच्या सहीखालची तारीख वाचता येते का ते तपासलं. पुन्हा सादर केल्याची नोंद स्क्रीनवर आली, तिचा फोटो घेतला.

दुसरा फोन शुक्रवारी, २७ जूनला. हा फोन एका मिनिटात झाला:

> “नमस्कार साहेब. बुधवारी आपल्याशी बोलले होते, तलाठी अहवाल अस्पष्ट होता तो अर्ज. नवीन प्रत त्याच दिवशी पाठवलीय. आपल्या लॉगिनला दिसते का आणि नीट वाचता येते का, तेवढं बघाल का?”

दिसत होती. त्यांनी अर्ज पुढं पाठवला.

तिसरा फोन मंगळवारी, १ जुलैला. अर्ज तहसीलदारांच्या सहीला होता. तिनं ५ जुलैची तारीख सांगितली. चौथा फोन गुरुवारी तीन वाजता करायचा ठरलं होतं. तो केला तेव्हा कळलं, सही सकाळीच झाली होती. संध्याकाळी केंद्रातून प्रिंट मिळाली.

मुदत उलटल्याचा शब्द तिनं चारही फोनमध्ये काढला नाही. काढला असता तरी टिकला नसता, कारण अर्ज त्रुटीत होता.

## ९. चिकाटी कशी धरायची

दिवसातून चार वेळा फोन केला तर तुमचा आवाज ओळखून “नाही झाला” हेच उत्तर तयार राहतं. दोन फोनच्या मध्ये कामाचे दोन-तीन दिवस जाऊ द्या, पण स्वतः सांगितलेल्या तारखेला आणि वेळेला फोन झालाच पाहिजे. मंगळवारी अकराला म्हणालात तर मंगळवारी अकराला. तुम्ही तारीख पाळता हे कळलं की समोरचाही ती मनात ठेवतो.

घरातून एकाच माणसानं बोलावं. सोमवारी वडील, बुधवारी भाऊ, शुक्रवारी गावातला कार्यकर्ता, असं झालं की प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळतं आणि वहीतली नोंद निरुपयोगी होते.

तिसऱ्या फोनलाही अर्ज त्याच लॉगिनला, त्याच तारखेपासून असेल आणि त्रुटी काही नसेल, तर एक पायरी वर बोला. नायब तहसीलदारांशी बोलायचंय असं सांगा. सूर तोच, आवाज तेवढाच:

> “नमस्कार साहेब. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज ३ तारखेला केलाय. २५, २७ आणि १ तारखेला आपल्या कार्यालयात बोलले. अर्ज १० तारखेपासून एकाच लॉगिनला आहे आणि त्रुटी नाही असं मला सांगितलंय. लोकसेवा हक्काची १५ दिवसांची मुदत संपलीय. आपण स्वतः एकदा बघाल का आणि मला एक तारीख द्याल का?”

कायद्याचं नाव इथं पहिल्यांदा येतं. पहिल्याच फोनला ते घेतलं तर धमकी वाटते. तीन तारखांच्या मागून आलं की ती नुसती नोंद असते आणि तिला वजन असतं.

“दाखला मिळणार नाही” असं उत्तर आलं तर फोनवर भांडू नका. कायद्यानं नकार कारणासह लेखी द्यावा लागतो, तोच मागा:

> “ठीक आहे साहेब. नाकारल्याचं कारण मला लेखी मिळेल ना? अर्जावर तसा शेरा कधीपर्यंत दिसेल?”

## १०. फोन कधी थांबवायचा

नायब तहसीलदारांनी दिलेली तारीखही उलटली की फोन बंद करा आणि अपील लिहा. आणखी फोन करत राहण्यात धोका आहे, कारण मुदत संपल्यापासून किंवा नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करायचं असतं. “होईल, होईल” ऐकत हे दिवस निघून जातात. वरच्या उदाहरणात सलग मोजलेली मुदत १८ जूनला संपली होती. अर्ज त्रुटीत नसता आणि नुसता पडून राहिला असता, तर अपिलाची तारीख मी १८ जुलै धरली असती आणि ९-१० जुलैलाच कागद तयार ठेवायला सांगितला असता.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पहिलं अपील प्रांतांकडं म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडं जातं. कोणाकडं करायचं ते कार्यालयातल्या फलकावर लिहिलेलं असतं. साध्या कागदावरही चालतं, ‘आपले सरकार’च्या लॉगिनमधूनही करता येतं. त्यात अर्जदाराचं नाव, अर्ज क्रमांक, तारीख, मुदत कधी संपली आणि तुमच्या वहीतल्या फोनच्या तारखा, एवढंच लिहा. कोणाविरुद्ध चीड त्यात उतरवू नका. सबळ कारणाशिवाय मुदत चुकवलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद कायद्यात आहेच, ती अपिलात बजावून सांगायची गरज नसते.

कागदावर दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय तिथून निघू नका. आठ दिवसांनी प्रांत कार्यालयात फोन लावाल, तेव्हा पहिल्या अर्ध्या मिनिटात सांगायचा क्रमांक तोच असेल.